लिअरचे शंभर स्वार

ओझरच्या एका महाविद्यालयातून फोन आला. वाङ्मय मंडळाचं उद्घाटन आहे, दहा मिनिटं बोला. विषय मुलांनीच काढला होता : जुन्या शोकांतिकेतला चुकलेला राजा आजचा का वाटतो? मी म्हटलं, दहा मिनिटांत एकच राजा होईल. पलीकडचे सर म्हणाले, एकच पुरे, त्यानंतर चहा आहे.

मी लिअर निवडला. त्याचं एक कारण साहित्यिक होतं आणि एक घरगुती. घरगुती कारण तिथे बोललो नाही. इथे थोडं बोलतो, कारण इथे समोर चुलत्यांच्या ओळखीचे लोक बसलेले नाहीत.

गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. ब्रिटनचा राजा लिअर ऐंशी ओलांडलेला आहे. त्याला तीन मुली : गॉनरिल, रीगन आणि धाकटी कॉर्डेलिया. तो राज्य तिघींत वाटून मोकळा व्हायचं ठरवतो आणि भर दरबारात विचारतो, तुमच्यापैकी माझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम कोणाचं? थोरल्या दोघी तोंड भरून बोलतात. धाकटी म्हणते, मला काही बोलायचं नाही. लिअर तिला हाकलतो, तिचा हिस्सा दोघींना देतो आणि पुढे त्या दोघी त्याला घराबाहेर काढतात. वादळ, वेड, युद्ध आणि शेवटी धाकटीचं प्रेत हातांत घेऊन मरण. १६०६ च्या नाताळात, २६ डिसेंबरला, हे नाटक इंग्लंडच्या राजासमोर झालं होतं.

परीक्षेला या नाटकावर प्रश्न आला की उत्तर ठरलेलं असतं : लिअरचा अहंकार. मॅकबेथची महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा संशय, लिअरचा अहंकार. गाइडात तसंच छापलेलं असतं आणि त्यावर गुणही मिळतात. पण या उत्तरातून राजा आजचा का वाटतो ते कळत नाही. अहंकारी म्हातारे सगळ्याच काळात होते. लिअरची चूक त्याहून नेमकी आहे आणि ती पहिल्याच प्रवेशात, आकड्यांत दिसते.

पडदा उघडतो तेव्हा राजा रंगमंचावर नसतो. केंट आणि ग्लॉस्टर हे दोन सरदार गप्पा मारत असतात. राजाचा ओढा कोणत्या जावयाकडे आहे हे सांगता येत नाही, असं त्यांचं बोलणं चाललंय, कारण दोघांचे हिस्से अगदी तोलून समान केलेत. म्हणजे वाटणी आधीच झालेली आहे. नकाशावर रेघा ओढून झाल्यात. मग राजा येतो आणि जणू काही ठरलेलंच नाही अशा थाटात विचारतो की जिचं प्रेम जास्त तिला जास्त. गॉनरिल बोलते, तिला तिथल्या तिथे तिचा तुकडा मिळतो. रीगन बोलते, तिलाही तिचा मिळतो, बहिणीइतकाच. आता नकाशावर उरलं किती? एकच तुकडा. कॉर्डेलिया काहीही बोलली असती तरी तिला तोच मिळणार होता, आणि राजा स्वतःच सांगून टाकतो की तो बहिणींपेक्षा भरघोस आहे. स्पर्धा असती तर तिघींचं ऐकून मग निकाल लागला असता. इथे प्रत्येकीच्या बोलण्यानंतर लगेच बक्षीस आहे, आणि बक्षीस आदल्या रात्रीच ठरलंय.

मग ही परीक्षा कशासाठी? माझ्या मते टाळ्यांसाठी. लिअरला मुलींचं मन जाणून घ्यायचं नाही. ते सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात म्हटलं जावं एवढंच त्याला हवंय. आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला स्टेटस टाकलं नाही म्हणून घरात झालेली धुसफूस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा दरबार अनोळखी वाटायचं कारण नाही. हे मी बोललो तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला आणि दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

कॉर्डेलियाबद्दल मात्र एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. ती फक्त गप्प राहत नाही. बापाने छेडल्यावर ती हिशोबच मांडते : मुलीचं जेवढं कर्तव्य तेवढं माझं प्रेम, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. उद्या लग्न झालं की अर्धं प्रेम नवऱ्याकडे जाईल, मग बहिणी सगळंच बापाला कसं देतात? बाप तिसरा भाग मोजून देतो, मुलगी अर्धा भाग मोजून सांगते. ती खरं बोलते, पण बोलते त्याच्याच भाषेत. या घरात सगळ्यांना मोजायची सवय आहे.

यानंतर लिअर जे करतो ते ऐकून सभागृहात वेगळीच शांतता झाली. तो राज्य देऊन टाकतो, पण पूर्ण नाही. राजा ही पदवी तो ठेवतो. शंभर स्वार ठेवतो, त्यांचा खर्च मुलींनी करायचा. आणि राहायचं कसं? एक महिना थोरलीकडे, एक महिना मधलीकडे. पाळीपाळीने.

निफाड तालुक्यात हे समजावून सांगावं लागत नाही. खातेफोड झाली, द्राक्षाची बाग अर्धी-अर्धी झाली, विहिरीच्या पाण्याचे वार ठरले आणि त्याच कागदाच्या मागे, कधी लिहून तर कधी तोंडी, म्हाताऱ्यांची पाळीही ठरली. कुठे आई एकाकडे आणि बाप दुसऱ्याकडे. एक तारखेला पिशवी भरायची. एकतीसचा महिना कोणाच्या वाट्याला जास्त येतो यावर झालेला वाद मी स्वतः ऐकलेला आहे. शेक्सपिअरने हे दृश्य निफाडसाठी लिहिलं नव्हतं. पण जमीन जिवंतपणी वाटून तिच्या बदल्यात सांभाळ मागायचा, हा व्यवहार जिथे जिथे आहे तिथे लिअरचं घर आहे.

मधेच एचएएलच्या धावपट्टीवरून विमान उठलं आणि अर्धा मिनिट मला थांबावं लागलं. ओझरच्या मुलांना त्याची इतकी सवय आहे की त्यांनी वर पाहिलंही नाही. मी त्या वेळात ठरवलं की आता आकडेच सांगायचे.

शंभर स्वारांचं पुढे काय होतं? गॉनरिलकडे पहिला महिनाही धड पुरा होत नाही. तिची तक्रार अशी की हे लोक दंगा करतात, वाड्याचा गुत्ता झालाय, बाबा माझ्या माणसांवर हात टाकतात. ती एका झटक्यात पन्नास कमी करते. लिअर तिला शाप देतो, मूल होऊ नये असा शाप, आणि तरातरा रीगनकडे निघतो. रीगन म्हणते, पन्नास कशाला, पंचवीसच आणा. आता या क्षणी लिअर काय करतो ते पाहा. तो वळतो गॉनरिलकडे, जिला त्याने नुकतंच शापलंय, आणि सांगतो की मी तुझ्याकडेच येतो, कारण तुझे पन्नास हे पंचविसाच्या दुप्पट आहेत, म्हणजे तुझं प्रेम हिच्या दुप्पट आहे.

माझ्या मते नाटकाचा कणा इथे आहे. दोन्ही मुलींनी फसवलंय, हे त्याच्या डोळ्यांसमोर आहे. तरी त्याची मोजपट्टी सुटत नाही. पहिल्या प्रवेशात प्रेमाच्या बदल्यात जमीन होती, आता स्वारांच्या संख्येवरून तो प्रेम मोजतोय. माणूस रस्त्यावर यायची वेळ आलीय आणि तो लिलावात बोली ऐकल्यासारखा उभा आहे. बोली मात्र उलटी चाललीय : पंचवीस, दहा, पाच. आणि शेवटी रीगन विचारते, एक तरी कशाला हवा?

ॲरिस्टॉटल शोकांतिकेच्या नायकाच्या चुकीला जो ग्रीक शब्द वापरतो, हॅमार्शिया, त्याचं मूळ नेम चुकण्यात आहे. तिरंदाजाचा बाण निशाणावर लागला नाही, तर ते. मला हा अर्थ 'दोष' या शब्दापेक्षा जवळचा वाटतो. दोष म्हटलं की स्वभावातली एखादी काळी खूण डोळ्यांसमोर येते. लिअरला प्रेमच हवं होतं, आणि ते मागण्यात गैर काहीच नव्हतं. नेम चुकला. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र १९५७ मध्ये मराठीत आणलं आणि १९७४ मध्ये 'राजा लिअर'ही. दोन्ही पुस्तकं ग्रंथालयात सापडली तर शेजारी ठेवून वाचा, असं मुलांना सांगितलं. ग्रंथपालबाई मान हलवत होत्या, म्हणजे एखादं तरी असावं.

मग मी कायद्याकडे गेलो. साहित्याच्या भाषणात हे जरा आगाऊपणाचं होतं, पण समोरच्या मुलांपैकी काहीजण उद्या याच कागदांवर सह्या करणार आहेत. २००७ मध्ये आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी केंद्राचा कायदा आला. त्याच्या २३ व्या कलमात असं आहे की ज्येष्ठाने सांभाळाच्या अटीवर मालमत्ता बक्षीस दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झालं असं धरून रद्द करता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. अडचण येते ती अटीची. 'प्रेमापोटी देत आहे' एवढंच बक्षीसपत्रात लिहिलेलं असतं आणि सांभाळाचा शब्दही नसतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अट होती हे दाखवावं लागेल. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा हेतू पाहून तो उदारपणे वाचला आणि आईने मुलाला दिलेली मालमत्ता तिला परत मिळाली.

लिअरची केस यात बसते का? मला वाटतं बऱ्यापैकी बसते. त्याने भर दरबारात, साक्षीदारांसमोर अट घातली होती : शंभर स्वार, महिन्याची पाळी. पण कलम ज्याबद्दल बोलतं त्या आहेत मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा. शंभर स्वार ही गरज आहे का? न्यायाधिकरणासमोर गॉनरिलचा वकील हेच विचारेल. नाटकात गॉनरिल आणि रीगन हेच विचारतात. आणि लिअर त्यावर फुटतो : गरजेचा हिशोब मांडू नका. भिकाऱ्याकडेही गरजेपेक्षा चिंधीभर जास्त असतंच, गरजेपुरतंच दिलं तर माणूस आणि जनावर यांत फरक काय, अशा अर्थाचं तो बोलतो. आयुष्यभर मोजत आलेला माणूस पहिल्यांदा मोजण्याविरुद्ध ओरडतो, पण तेव्हा मोजपट्टी दुसऱ्यांच्या हातात गेलेली असते. कायदा जमीन परत देऊ शकतो, जेवण आणि औषध देववू शकतो. म्हाताऱ्याला हवं असलेलं ते चिंधीभर जास्तीचं कोणत्या अर्जात लिहिणार?

इथे 'नटसम्राट'चा विषय निघणं भाग होतं. ओझरहून महामार्गाने थोडं पुढे गेलं की पिंपळगाव बसवंत, जिथे शिरवाडकरांचं प्राथमिक शिक्षण झालं. या परिसरात लिअरबद्दल बोलायचं आणि गणपतराव बेलवलकरांना टाळायचं हे जमणारं नाही. १९७० च्या डिसेंबरमध्ये डॉ. श्रीराम लागूंनी ती भूमिका पहिल्यांदा केली. महाराष्ट्रात लिअर म्हटलं की लोकांना तेच आठवतात, आणि वयाने लहान असाल तर २०१६ च्या सिनेमातले नाना पाटेकर.

मी तिथे एक मत मांडलं आणि ते अजूनही मला बरोबर वाटतं. शिरवाडकरांनी लिअरकडून वाटणी घेतली, घरोघरची फरफट घेतली, वादळ घेतलं, पण पहिला प्रवेश घेतला नाही. गणपतराव मुलांची परीक्षा घेत नाहीत. नंदा आणि नलू यांना ते जे देतात ते राजीखुशीने देतात. आणि खरं बोलली म्हणून हाकललेली कॉर्डेलिया या घरात नाहीच. तिच्या जागी कावेरी आहे, बायको, जी सावध आहे आणि नवऱ्याबरोबर बाहेर पडते. गणपतराव हट्टी आहेत, तोंडाळ आहेत, पण त्यांनी कोणावर अन्याय केलेला नाही. त्यामुळे प्रेक्षक निर्धास्तपणे रडू शकतो. मुलं वाईट, बाप बिचारा. रंगभूमीवर हे किती परिणामकारक ठरलं ते पन्नास वर्षं आपण पाहतोच आहोत. ते नाटक उणं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही, ते वेगळ्या जागी निघालेलं नाटक आहे.

पण त्याचा एक परिणाम झाला. मूळ राजा चुकलेला होता, आधी त्याने एका मुलीचं घर उठवलं आणि मग त्याचं उठलं, ही गोष्ट आपल्या आठवणीतून निघून गेली. 'नटसम्राट' पाहताना मला आजोबांसाठी रडू येतं. 'लिअर' वाचताना मी आजोबांवर आधी चिडतो.

आणि इथे ते घरगुती कारण येतं. माझ्या आजोबांनी बाग आणि कोरडवाहू मिळून जमीन दोन मुलांत वाटली. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, म्हणून आत्याची सही हवी होती, हक्कसोडपत्रावर. आत्या निफाडला आली, सही केली, पण सहीआधी तिने सगळ्यांसमोर विचारलं, मी सही करते, पण मला एकदा विचारायचं तरी? बस, एवढंच. आजोबांना ते लागलं. बाकीच्या बायका कशा हसतमुखाने सही करतात, साडी घेतात आणि जातात, असं ते नंतर कितीतरी दिवस म्हणत होते. आत्याला साडी दिली गेली नाही. सात वर्षं ते तिच्याशी बोलले नाहीत. पाळी दोन मुलांकडे चालली, आधी महिन्याची, मग पंधरा दिवसांची. शेवटचे चौदा महिने मात्र ते आत्याकडे होते, आणि ते पाळीत नव्हते. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा ती त्यांची नखं काढत होती. तिला विचारलं, राग नाही आला कधी? ती म्हणाली, कशाचा? मला तेव्हा ते खोटं वाटलं.

पुढे नाटकाच्या चौथ्या अंकात लिअर आणि कॉर्डेलिया भेटतात तो प्रवेश वाचला. वेडातून जरा सावरलेला लिअर तिला ओळखतो, गुडघे टेकायला जातो आणि म्हणतो की तुझ्या बहिणींना माझा छळ करायला कारण नव्हतं, तुला आहे. इथेही तो हिशोबच करतोय, फक्त आता स्वतःच्या विरुद्ध. कॉर्डेलिया उत्तर देते की काहीच कारण नाही. हे वस्तुस्थितीला धरून नाही. कारण आहे, ढीगभर आहे, आपण ते पाहिलंय. पहिल्या प्रवेशात एक शब्द जास्तीचा बोलायला तयार नसलेली मुलगी इथे सरळ चुकीचं विधान करते. तिने वही मिटलेली आहे. आत्याचं 'कशाचा?' मला त्यानंतर वेगळं ऐकू येऊ लागलं. ते खरं होतं असं नाही म्हणत. ती त्या प्रश्नाचा हिशोब करायला तयार नव्हती, इतकंच.

शेक्सपिअर एवढ्यावर थांबला असता तर बरं वाटलं असतं. त्याच्या आधीच्या जुन्या नाटकात, जे १६०५ मध्ये छापलं गेलं, राजाला गादी परत मिळते. १६८१ मध्ये नेहम टेट या लेखकाने शेक्सपिअरचा शेवट बदलून कॉर्डेलियाचं लग्न लावून दिलं, आणि इंग्लंडचे प्रेक्षक दीडशेएक वर्षं तेच गोड नाटक पाहत राहिले. शेक्सपिअरच्या शेवटात मात्र कॉर्डेलियाला तुरुंगात फाशी दिली जाते. सुटकेचा हुकूम निघतो, पण उशिरा. लिअरला कळलं, त्याने क्षमा मागितली, ती मिळालीही, आणि तरी केलेलं भरून निघालं नाही. मला वाटतं, टेटच्या प्रेक्षकांना नेमकं हेच सोसलं नसावं.

दहाऐवजी अठरा मिनिटं झाली होती. प्रश्न विचारा म्हटल्यावर नेहमीसारखी शांतता. मग तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, सर, गॉनरिलचं काय चुकलं? शंभर माणसं जेवायला, त्यांचे घोडे, रोज दंगा. स्वयंपाक कोण बघणार होतं?

काही जण हसले. ती हसली नाही.

मी तिला पीटर ब्रुकच्या १९६२ च्या प्रयोगाबद्दल सांगितलं. त्यात पॉल स्कोफिल्ड लिअर होते आणि ब्रुकने स्वारांना खरोखरच धुडगूस घालताना दाखवलं, टेबलं उलटली, त्यामुळे प्रेक्षकांना गॉनरिलचं म्हणणं पटू लागलं. हेही सांगितलं की छापील नाटकात दंग्याची फिर्याद तिच्या तोंडून येते आणि जो एक स्वार नीट बोलताना दिसतो तो अगदी अदबीने बोलतो, म्हणजे शेक्सपिअरने निकाल दिग्दर्शकावर सोडलाय. पण लिअर तिच्या नोकराला मारतो ते आपण डोळ्यांनी पाहतो, हेही खरं.

ती म्हणाली, म्हणजे पहिल्या महिन्यात ती बरोबर असू शकते.

असू शकते, मी म्हटलं. दार बंद करते तेव्हा नाही.

तिने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. चहा आला. सरांनी आभार मानले आणि शाल-श्रीफळ दिलं. बाहेर पार्किंगमध्ये ती पुन्हा भेटली, स्कूटी काढत होती. म्हणाली, आमच्याकडे आजीची पाळी या महिन्यात आमची आहे, मला लवकर जायचंय.